एका वेळी एकच बिट

कॅमेऱ्यातून येणारं चित्र चिपमध्ये एका क्लॉकवर शिरतं आणि मेमरीत दुसऱ्याच क्लॉकवर जातं. एचडी व्हिडिओत 74.25 मेगाहर्ट्झचा क्लॉक सर्रास दिसतो. मेमरीची बाजू समजा 100 मेगाहर्ट्झवर चालते. या दोन क्लॉकचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, म्हणून मध्ये एक लहानशी साठवण ठेवतात. जे आधी आलं ते आधी बाहेर जातं. हाच असिंक्रोनस फिफो.

आठ खणांचा फिफो घेऊ. पुढचा शब्द कुठे लिहायचा ते राइट पॉइंटर सांगतो, कुठून वाचायचा ते रीड पॉइंटर. खण मोजायला तीन बिट पुरतात, पण पॉइंटर चार बिटांचे असतात. तीनच बिट ठेवले, तर फिफो रिकामा असतानाही दोन्ही पॉइंटर सारखे दिसतात आणि भरल्यावरही. चौथ्या बिटामुळे एका पॉइंटरने दुसऱ्यापेक्षा एक फेरी जास्त मारली का, ते कळतं.

आता वाचणाऱ्या बाजूला ‘रिकामा आहे का’ हे ठरवायचं, तर राइट पॉइंटर पाहायला हवा आणि तो तर परक्या क्लॉकवर हलतो. बदलत असतानाच एखादा बिट पकडला, तर फ्लिप-फ्लॉप क्षणभर 0 आणि 1 यांच्या मध्ये लटकतो. ही मेटास्टेबिलिटी. म्हणून ओळीने दोन फ्लिप-फ्लॉप लावतात. पहिल्याला स्थिरावायला एक पूर्ण चक्र मिळतं आणि चूक पुढे जाण्याची शक्यता नगण्य होते. मात्र तो बिट जुन्या किमतीवर स्थिरावेल की नव्या, हे कुणीच सांगू शकत नाही.

खरी अडचण इथे आहे. पॉइंटर 7 वरून 8 वर जातो तेव्हा साध्या बायनरीत 0111 चं 1000 होतं, म्हणजे चारही बिट बदलतात. काही बिट जुने आणि काही नवे पकडले गेले, तर सोळांपैकी कोणताही आकडा हाती येऊ शकतो. रीड पॉइंटर 6 वर असताना 1110, म्हणजे 14, दिसला, तर वाचणाऱ्याला वाटेल आठ शब्द थांबले आहेत. प्रत्यक्षात असतील एक-दोन, आणि बाकी सगळा कचरा वाचला जाईल.

यावरचा उपाय बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांना 1953 मध्ये या संकेताचं पेटंट मिळालं. ग्रे कोडमध्ये शेजारच्या दोन आकड्यांत एकाच बिटाचा फरक असतो.

```
g = b ^ (b >> 1)
```

यात 7 म्हणजे 0100 आणि 8 म्हणजे 1100. मधल्या क्षणी पकडलं, तरी हाती 7 येईल किंवा 8. दोन्ही खरे आकडे, फार तर एक थोडा शिळा. मात्र ग्रे किंमत आधी स्वतःच्या क्लॉकवर फ्लिप-फ्लॉपमध्ये ठेवूनच पलीकडे पाठवायची. गणित करणाऱ्या गेटांमधून थेट पाठवली, तर गेट स्थिरावताना उठणाऱ्या क्षणिक उड्याही पलीकडे पकडल्या जातात.

‘रिकामा’ ओळखणं सोपं आहे: वाचणाऱ्या बाजूला दोन्ही ग्रे पॉइंटर तंतोतंत सारखे असले की झालं. ‘भरलेला’ मात्र फसवतो. बायनरीत फक्त सर्वांत वरचा बिट वेगळा आहे का एवढंच पाहिलं की भागतं. तीच सवय ग्रेमध्ये नेली तर घात होतो. रीड पॉइंटर 6, म्हणजे 0101. वरचा बिट उलटवला की 1101 मिळतो, आणि तो 9 चा ग्रे कोड आहे. म्हणजे तीनच खण भरलेले असताना ‘भरला’ असा इशारा मिळेल. खरा भरलेला क्षण राइट पॉइंटर 14 वर असताना येतो आणि त्याचा कोड 1001. तेव्हा वरचे दोन्ही बिट उलटे आणि खालचे सारखे, ही खरी कसोटी.

दोन फ्लिप-फ्लॉपमुळे पलीकडचा पॉइंटर एक-दोन चक्रं उशिरा दिसतो. पण हा उशीर सुरक्षित बाजूला झुकतो. वाचणाऱ्याला राइट पॉइंटर मागे दिसतो, म्हणजे आहेत त्याहून कमी शब्द दिसतात. ‘रिकामा’ थोडा वेळ जास्त टिकतो, पण नसलेला शब्द कधीच वाचला जात नाही. लिहिणाऱ्याला रिकामा झालेला खण उशिरा कळतो, पण न वाचलेल्यावर तो कधी लिहीत नाही. यात नुकसान फक्त थोड्या वेगाचं.

ही हमी दोन ठिकाणी तुटते. एक, खण सहा ठेवले तर. पॉइंटर 11 वरून 0 वर येताना 1110 चं 0000 होतं आणि एकदम तीन बिट बदलतात. म्हणून खणांची संख्या सहसा 2 च्या घातातच घेतात. दुसरी जागा तारांची. 74.25 मेगाहर्ट्झला एक चक्र साधारण 13.5 नॅनोसेकंदांचं असतं. एका बिटाची तार दुसऱ्यापेक्षा त्याहून जास्त उशीर करू लागली, तर सलग दोन बदल एकत्र दिसू शकतात आणि ‘एकच बिट’ हा आधारच जातो. नेहमीच्या सिम्युलेशनमध्ये तारांचा उशीर नसतो, त्यामुळे तिथे सगळं बरोबर दिसतं आणि बोर्डवर मात्र अधूनमधून चित्र फाटतं. म्हणून पलीकडे जाणाऱ्या प्रत्येक ग्रे बिटाच्या तारेला एका चक्राहून कमी उशिराची मर्यादा टायमिंगच्या फाइलमध्ये लिहायलाच हवी. ती ओळ नसेल, तर तो फिफो अपुरा आहे.