साहुकारपेठेतला भाव आणि उशिरा वाजणारा फोन

सकाळी ८:१५. चेन्नईच्या साहुकारपेठेत मिंट स्ट्रीटवर हातगाड्या लागायच्या आत दुकानाचं शटर वर जातं. आमचा धंदा गलाईचा. विटा, खानापूर, आटपाडी या सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून माणसं मूस आणि भट्टी घेऊन देशभर गेली, त्यांतली बरीच तमिळनाडूत स्थिरावली. गिऱ्हाईक किंवा सोनार जुनी मोड आणतो, आम्ही ती वितळवून, टंच काढून शुद्ध सोनं करतो. पैसे सकाळच्या भावानं द्यायचे आणि शुद्ध सोनं हातात पडायचं संध्याकाळी. मधल्या सात-आठ तासांत भाव घसरला तर ती घसरण आमच्याच गळ्यात. म्हणून ॲपवर भावाचे अलर्ट लावणं हे आमच्याकडे भट्टी पेटवण्याइतकंच रोजचं काम झालं आहे.

पुतण्या फोन घेऊन बसतो. पहिली तपासणी अलर्ट कोणत्या महिन्याच्या सौद्यावर आहे याची. एमसीएक्सवरचा सोन्याचा सौदा महिन्याच्या नावाचा असतो आणि ठरलेल्या तारखेला संपतो. सौदा संपला की त्यावरचा अलर्टही गार पडतो आणि ते आपल्याला कोणी कळवत नाही. उलट फार पुढच्या महिन्याचा सौदा धरला तर तिथे गर्दी नसते. ॲप शेवटच्या झालेल्या व्यवहाराचा भाव बघतं. तिथे व्यवहारच झाला नाही, तर बाजार कितीही खाली जावो, आकडा जागचा हलत नाही.

९:००. एमसीएक्स उघडतं. रात्री परदेशात भाव पडलेला असेल तर सौदा आपल्या आकड्याच्या खालीच उघडतो आणि अलर्ट उघडल्या उघडल्या वाजतो.

१०:३०. एव्हाना चेन्नईचा आजचा भाव आलेला असतो. इथे बोलणं सवरनचं, म्हणजे आठ ग्रॅमचं, आणि बावीस कॅरेटचं. सराफांची संघटना भाव जाहीर करते आणि बाजार जास्त हलला तर दिवसातून पुन्हा बदलते. दागिन्यांच्या खरेदीच्या ॲपवर ‘भाव उतरला की कळवा’ असा जो अलर्ट असतो, तो या जाहीर भावावर चालतो. संघटनेनं आकडा बदलला आणि तो कोणी ॲपमध्ये भरला, की मग तो निघतो. मधल्या काळात मुंबई-न्यूयॉर्कमध्ये काय झालं ते त्याच्या गावीही नसतं. लग्नाचं सोनं घेणाऱ्याला तो पुरतो, आम्हाला नाही.

११:००. एक सोनार ११० ग्रॅम मोड ठेवून गेला. मशिनवर टंच आला ९१, म्हणजे शुद्ध सोनं १०० ग्रॅमच्या आसपास. हिशेबाला सोपा म्हणून दहा ग्रॅमचा भाव १,००,००० धरू. आमचं ठरलं, भाव ९९,६०० ला आला की बुलियनवाल्याला फोन करून तिथेच भाव फिक्स करायचा, पुढची घसरण त्याच्यावर. पुतण्यानं गोल्ड मिनीच्या चालू सौद्यावर तो अलर्ट लावला आणि फोन आतल्या खोलीत कपाटावर ठेवला.

दुपारी २:००. मोड चांदीत मिसळून वितळली, पत्रे तेजाबात पडले. जेवण, आणि वर फिल्टर कॉफी. दुपारी भाव बहुधा झोपलेला असतो. याला मोठा अपवाद २८ ऑक्टोबर २०२५ चा. त्या दिवशी एमसीएक्सची यंत्रणाच बिघडली, सकाळचे व्यवहार चार तासांहून जास्त उशिरा, दुपारी पर्यायी केंद्रावरून सुरू झाले. तोवर परदेशात सोनं हलत होतं आणि इथल्या ॲपचे अलर्ट मुके होते. दोष ॲपचा नव्हता, व्यवहारच होत नव्हते.

संध्याकाळी ६:००. अमेरिकेतली महागाईची किंवा रोजगाराची आकडेवारी आपल्या घड्याळात सहाला येते, तिथल्या हिवाळ्यात सातला. त्या मिनिटाला सोनं धाडकन हलतं. आजही हललं. पुतण्या बाहेर दुसऱ्या फोनवर भाव बघून ओरडला, “तात्या, ६:०१ ला नव्व्याण्णव सहाशे लागला!” कपाटावरचा फोन मात्र वाजला ६:१९ ला. तोवर भाव ९९,१५० होता. एकट्या त्या फोनवर विसंबलो असतो तर १०० ग्रॅमवर ४,५०० रुपये गेले असते.

उशीर नेमका कुठे झाला हे तीन वेळा शेजारी-शेजारी मांडल्या की कळतं. पहिली, चार्टवर तो भाव कोणत्या मिनिटाला लागला. दुसरी, ॲपच्या अलर्टच्या यादीत तो कधी लागू झाला असं लिहिलं आहे. तिसरी, फोनच्या नोटिफिकेशन हिस्टरीत तो कधी पोचला. पहिल्या दोन वेळांत अंतर असेल तर उशीर ॲपवाल्याकडे आहे: भाव त्याच्याकडे उशिरा येतो, किंवा एकाच वेळी लाखो अलर्ट तपासताना रांग लागली आहे. बरेच जण गोल आकड्यावर अलर्ट लावतात, त्यामुळे नेमक्या त्याच आकड्याला रांग लांबते. फुकटच्या काही साइटवर तर भावच मुद्दाम पंधरा मिनिटं मागे असतो.

आमच्याकडे पहिल्या दोन्ही वेळा ६:०१ होत्या. म्हणजे उशीर ॲपकडून फोनपर्यंतच्या वाटेवर. ॲप निरोप थेट फोनला देत नाही, तो गूगलच्या किंवा ॲपलच्या निरोप-यंत्रणेकडे देतं. ॲण्ड्रॉइड फोन स्क्रीन बंद, चार्जरविना आणि न हलता बराच वेळ पडून राहिला की बॅटरी वाचवायला झोपी जातो. तातडीचा शिक्का नसलेले निरोप मग थांबवून ठेवले जातात आणि तो मधूनमधून जागा होतो तेव्हा एकदम मिळतात. दुसरी गोम वायफायची. फोन आणि गूगलमधली जोडणी शांत दिसली की काही राउटर ती गुपचूप तोडतात. फोनला ते पुढच्या तपासणीपर्यंत कळतच नाही, आणि त्यात कित्येक मिनिटं जातात. आतल्या खोलीतला फोन दोन्ही कारणांत बसत होता.

७:१५. पुतण्यानं त्या ॲपची बॅटरीची बंधनं काढून ‘अनरिस्ट्रिक्टेड’ केली, वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू केला आणि फोन गल्ल्यावर चार्जरला लावला. मग चालू भावाच्या अगदी जवळ एक चाचणीचा अलर्ट लावला, स्क्रीन बंद केली आणि हात लावला नाही. तो वेळेत वाजला. एका वेळी एकच गोष्ट बदलली असती तर खरा चोर कोण ते कळलं असतं, पण धंद्याच्या वेळी एवढी सवड कोणाला!

८:३०. शटर खाली. आता आम्ही अलर्ट ठरलेल्या भावाच्या थोडा आधी लावतो, ९९,६०० ऐवजी ९९,७३० असा आडनिडा. आणि वजन मोठं असेल तर अलर्टवर राहतच नाही, गोल्ड मिनीत विक्रीची स्टॉप-लॉस ऑर्डर टाकतो. ती एक्सचेंजच्या यंत्रणेतच बसते, तिला आमचा फोन जागा असण्याची गरज नाही. तिचेही तोटे आहेत: मार्जिनचे पैसे अडकतात, बहुधा त्या दिवसापुरतीच चालते, आणि भाव झटक्यात खाली गेला तर ठरल्याहून कमी भावात सौदा होऊ शकतो, किंवा मर्यादेचा भाव घातला असेल तर होतच नाही.

रात्री ११:३०. एमसीएक्स बंद होतं, अमेरिकेच्या हिवाळ्यात ११:५५ ला. न्यूयॉर्क चालूच राहतं. त्यामुळे सकाळी नऊच्या ठोक्याला आलेला अलर्ट बघून ॲपवाल्याला शिव्या घालू नका, त्याच्याकडे रात्रभर बघायला भावच नव्हता.