अळिंबी सांगते, मोड लपवतात

दुकानातल्या थंड कपाटात अळिंबीचा दोनशे ग्रॅमचा डबा आणि मिश्र मोडांचं पाकीट बहुतेकदा शेजारीशेजारी ठेवलेलं असतं. दोन्ही नाशवंत आहेत आणि दोन्ही आपण पारखून घेतो. पण ती पारख दोन्हींना सारखी लागू पडत नाही. अळिंबी शिळी झाली की तिच्या अंगावर दिसतं. मोडांमधला धोका मात्र मोड अगदी टवटवीत असतानाही असू शकतो.

आधी अळिंबी पाहू. बटण अळिंबी घेताना डबा उलटा करून देठाकडची बाजू बघावी. टोपी गोल आणि देठाभोवती मिटलेली असेल, तर अळिंबी कोवळी आणि ताजी. टोपीची कड देठापासून सुटून आतल्या तपकिरी पापुद्र्यांच्या झालरी दिसू लागल्या, की तिला दिवस झालेत. अशी उघडलेली अळिंबी वाईट नसते, उलट तिची चव जास्त गडद लागते. फक्त ती त्याच दिवशी शिजवावी. बोटाने हलकेच दाबल्यावर ती घट्ट लागली पाहिजे. एखादा कोरडा तपकिरी डाग म्हणजे बहुतेक वेळा हाताळणीत बसलेला मार असतो. डाग ओलसर आणि खोलगट असेल, टोपी बोटाला बुळबुळीत लागत असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर तो डबा परत ठेवावा. बुळबुळीतपणा धुऊन काढला, तरी अळिंबी पुन्हा ताजी होत नाही.

वेष्टनही बघावं. त्याला असलेली बारीक छिद्रं उगाच पाडलेली नसतात. खुडल्यानंतरही अळिंबी जोरात श्वास घेत राहते. वेष्टन पूर्ण बंद असेल, तर आतला प्राणवायू संपतो आणि हवेशिवाय वाढणाऱ्या, जीवघेणं विष तयार करणाऱ्या बॉट्युलिझमच्या जंतूंना मोकळं रान मिळतं. प्लास्टिकच्या आत पाण्याचे मोठे थेंब साचले असतील, तर डबा थंडीतून उन्हात आणि उन्हातून थंडीत फिरला असावा, असं समजावं. डोळे दिपवणारा पांढरेपणा ही ताजेपणाची खूण धरू नये, कारण रंग उजळावा म्हणून अळिंबी मेटाबायसल्फाइटच्या पाण्यात धुण्याची पद्धत आहे. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइट सोसत नाही, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. घरी आणल्यावर अळिंबी कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावी, चिरण्याच्या आधी झटपट धुवावी आणि तीन-चार दिवसांत संपवावी.

आता मोड. इथेही ताजेपणाच्या खुणा आहेत: मोड पांढरे आणि कडक हवेत, टोकं तपकिरी झालेली नसावीत, तळाशी गढूळ पाणी नसावं, पाकीट फुगलेलं नसावं. तारीख बघावी आणि पाकीट खरोखर गार लागतंय का, तेही हाताने बघावं. पण या खुणा जिथे थांबतात, तिथून पुढचा प्रश्न महत्त्वाचा आहे. तो समजायला २०११ सालच्या जर्मनीतली एक घटना पुरेशी आहे.

त्या वर्षी मे महिन्यात उत्तर जर्मनीत रक्ताचे जुलाब होणारे रुग्ण एकाएकी वाढले. कारण होतं ई. कोलाय या जंतूचा एक घातक प्रकार. सुमारे ३,८०० माणसं आजारी पडली, आठशेहून अधिक जणांच्या मूत्रपिंडांवर गंभीर परिणाम झाला आणि पन्नासहून जास्त जण दगावले. आधी संशय स्पेनमधून आलेल्या काकड्यांवर गेला आणि तो चुकीचा ठरला. मग तपास करणाऱ्यांनी एका रेस्टॉरंटमध्ये जेवून गेलेल्या गटांची माहिती काढली. कोणत्या गिऱ्हाइकाने काय मागवलं आणि त्या पदार्थात स्वयंपाक्याने काय काय घातलं, हे सगळं जुळवून पाहिलं. ज्यांच्या ताटात कच्चे मोड होते, त्यांच्यात आजाराचं प्रमाण कितीतरी पटींनी जास्त निघालं. हे मोड लोअर सॅक्सनीतल्या एका शेतावरून आले होते. जूनमध्ये फ्रान्सच्या बोर्डो भागातही तोच आजार आढळला आणि तिथले मोड वेगळ्याच ठिकाणी उगवलेले होते. दोन्ही ठिकाणी समान होती ती फक्त इजिप्तहून आलेली मेथी.

म्हणजे आपल्या फोडणीतली मेथी. दूषितपणा बियाण्यातच शिरला असावा, असा निष्कर्ष निघाला. शेतात खतातून किंवा पाण्यातून आलेले जंतू कोरड्या दाण्याच्या भेगांमध्ये महिनोन्‌महिने निपचित पडून राहू शकतात. मग आपण दाणे भिजवतो, ओल्या फडक्यात बांधतो आणि उबेला ठेवतो. मोड फुटायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंना वाढायला हवी असते, त्यामुळे मूठभर जंतूंचे एका रात्रीत लक्षावधी होतात. मोडाचा रंग, वास, कडकपणा यांपैकी काहीच बदलत नाही. धुऊन वरचे थोडे जातात, भेगांतले जात नाहीत. लिंबू पिळून किंवा मीठ भुरभुरूनही ते मरत नाहीत. आणि मूळ दाण्यातच असल्यामुळे, घरी स्वच्छ हाताने आणलेले मोडही या बाबतीत विकतच्यांपेक्षा आपोआप सुरक्षित ठरत नाहीत.

म्हणून काही जणांनी कच्चे मोड खाऊच नयेत: गरोदर स्त्रिया, पाच वर्षांच्या आतली मुलं, पासष्टीच्या पुढची माणसं, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे असे सगळे. त्यांत केमोथेरपी घेणारे, अवयव बदललेले, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे आणि मूत्रपिंडाचे किंवा यकृताचे जुने रुग्ण येतात. पाकिटावर ‘खाण्यास तयार’ असं छापलेलं असलं, तरी त्यांच्यासाठी नियम हाच. आपल्याकडे नेमकं गरोदर बाईला आणि आजारातून उठलेल्याला पौष्टिक म्हणून मोडांची कोशिंबीर आग्रहाने वाढली जाते. आग्रह जरूर करावा, पण उसळीचा. निरोगी तरुणांना धोका कमी असतो, पण नसतोच असं नाही; जर्मनीत आजारी पडलेल्यांमध्ये धडधाकट प्रौढ पुष्कळ होते.

याच मंडळींनी अळिंबीही कच्ची खाऊ नये. विशेषतः सूपमध्ये वरून घालतात त्या लांब, दोऱ्यासारख्या एनोकी अळिंबीमुळे अमेरिकेत लिस्टेरियाची साथ आली होती. २०२० साली तिचा उलगडा झाला तेव्हा ३६ रुग्ण आणि चार मृत्यू नोंदले गेले होते, शिवाय दोन गर्भ गेले होते. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतो आणि आईकडून गर्भापर्यंत पोहोचतो. शिताके अळिंबी अर्धीकच्ची राहिली, तर काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखे लाल पट्टे उठतात.

यावर उपाय म्हणजे आच. मोड पातळ थरात पसरून पाच-सात मिनिटं सणसणीत वाफवावेत, मध्येच एकदा हलवावेत आणि मधला दाणा तोंड भाजेल इतका गरम झालाय ना, हे पाहावं. वरून नुसतं कढत पाणी ओतून काम होत नाही. वाफवलेले मूग गार करून, कांदा-कोथिंबीर आणि लिंबू घालून कालवले, तरी थोडा करकरीतपणा राहतो. अळिंबी पाणी सुटून आटेपर्यंत परतावी. मटकी फडक्यात बांधून मोड आणायचे आणि मग उसळीला फोडणी द्यायची, ही आजीची रीत आहे. त्यातली फोडणीची पायरी मोडांच्या पाकिटाने वगळली आहे. ती आपण परत घालायची.