शून्य ओळी आल्या, तर पडद्यावर काय दाखवावे?

डॅशबोर्ड ठरलेल्या वेळी मूळ डेटाबेसला विचारणा करतो आणि आलेल्या नोंदींवरून आकडे बदलतो. विचारणा बिनचूक पार पडली, पण नोंद एकही आली नाही, तर संगणकाच्या लेखी काहीच बिघडलेले नसते. त्यामुळे ना चूक दाखवली जाते, ना कुणाला इशारा जातो.

एखाद्या दूध संघाचे उदाहरण घेऊ. 140 गावच्या संस्थांचे सकाळचे संकलन साडेआठला मुख्य तक्त्यात येते. भरणारा प्रोग्राम आधी तक्ता रिकामा करतो आणि मग नव्या नोंदी घालतो. या दोन पायऱ्या वेगवेगळ्या पार पडत असतील आणि डॅशबोर्डची विचारणा नेमकी मधल्या मिनिटात आली, तर तिला रिकामा तक्ता मिळतो. SQL मध्ये शून्य ओळींवर `COUNT(*)` चे उत्तर 0 येते, `SUM` चे मात्र `NULL`, म्हणजे ‘किंमत नाही’. इथवर डेटाबेस खरेच सांगत असतो. पडद्यावर मोकळी जागा वाईट दिसते म्हणून कुणीतरी `COALESCE(SUM(litres), 0)` लिहून ठेवलेले असते, आणि तिथे ‘माहीत नाही’चे ‘0 लिटर’ होते. शेजारी कालच्या तुलनेत शंभर टक्के घट दाखवणारा लाल बाणही उमटतो.

एखाद्या संस्थेचे संकलन एका सकाळी शून्य असू शकते. सगळ्या 140 संस्थांचे एकाच वेळी शून्य होणे जवळपास अशक्य. पण असा अंदाज पुरेसा नाही, पुरावा हवा. भरणाऱ्या प्रोग्रामने काम संपताच वेगळ्या तक्त्यात तारीख, वेळ आणि भरलेल्या ओळींची संख्या लिहावी. त्या दिवसाची ‘भरणे पूर्ण, ओळी 0’ अशी नोंद सापडली तरच डॅशबोर्डने 0 दाखवावा. नोंद नसेल तर शेवटचा खात्रीचा आकडा ठेवावा आणि त्याखाली ठळक लिहावे : ‘काल संध्याकाळपर्यंतची माहिती, आजची अजून आलेली नाही.’ तुलनेचा बाण तेवढा वेळ लपवावा.

जुना आकडा किती वेळ चालवायचा, हे संगणकवाल्यांनी नव्हे, तो वापरणाऱ्यांनी ठरवावे. टँकर कुठे पाठवायचे ते या आकड्यावर ठरत असेल, तर दुपारनंतर कालचे लिटर दिशाभूलच करतील. तेव्हा आकडा काढून नुसती रेघ दाखवणे बरे.

वापरणाऱ्याने स्वतः निवडलेल्या तालुक्यात संस्थाच नसेल, तर प्रकरण वेगळे. तिथे ‘या निवडीत नोंदी नाहीत’ एवढे पुरते.

रिकामेपणाची ही तपासणी अर्धवट भरणे मात्र पकडत नाही. 140 पैकी 60 संस्थांच्याच नोंदी आल्या, तर बेरीज खरी वाटण्याइतकी मोठी असते. म्हणून एकूण लिटरच्या बाजूला ‘140 पैकी 60 संस्था’ असेही दिसायला हवे.