जपानीत ‘माझ्याबरोबर येशील का?’ विचारताना

पुण्यात जपानी शिकून तोक्योला नोकरीला गेलेल्या मुलाला ऑफिसातली एक सहकारी आवडते असं समजू. तिला बाहेर न्यायचं म्हणून तो विचारतो, ‘इकिताइ देसु का?’ म्हणजे ‘तुला यायची इच्छा आहे का?’ व्याकरण अचूक आहे, तरी ती अवघडते. समोरच्याची इच्छा अशी थेट विचारणं जपानीत खटकतं. ‘शनिवारी मोकळी आहेस का?’ ही सुरुवातही बरी नाही. कशासाठी हे कळायच्या आतच ‘हो’ म्हटलं, की तिला नकाराची वाट उरत नाही.

म्हणून आधी विषय काढायचा. ‘र्‍योगोकुला होकुसाइचं संग्रहालय आहे म्हणे...’ एवढं बोलून थांबायचं. वाक्य अर्धवट सोडणं तिथे सभ्यपणाचं आहे. तिने उत्सुकतेने काही विचारलं तर पुढचं पाऊल: ‘योकात्तारा, इश्शो नि इकिमासेन का?’ शब्दशः, ‘चालत असेल तर, सोबत जाणार नाही का?’ मराठीत हा नकारार्थी प्रश्न तक्रारीसारखा वाटेल. जपानीत त्यामुळेच समोरच्याला नाही म्हणायला जागा मिळते. ‘फुतारि दे’, म्हणजे ‘आपण दोघंच’, हे शब्द मात्र गाळू नयेत. ते नसतील तर ती मैत्रिणीला घेऊन येऊ शकते, आणि त्यात तिची काही चूक नसते.

खरी कसोटी उत्तर ऐकण्यात आहे. ‘नाही’ हा शब्द बहुधा येणारच नाही. ‘दोयोबि वा चोत्तो...’, म्हणजे ‘शनिवारी जरा...’, असं म्हणून ती थांबली तर तो नकार आहे. कारण विचारत बसणं हा मोठा उद्धटपणा. त्यापुढे तिने स्वतःहून ‘पण रविवारी जमेल’ म्हटलं, तर अडचण फक्त शनिवारची होती. ‘पुन्हा कधीतरी’ म्हणाली आणि दिवस सुचवला नाही, किंवा ‘सगळे मिळून जाऊ या’ म्हणाली, तर विषय तिथेच सोडावा. माझ्या मते आपल्या मुलांनी जपानी शिकताना कांजीइतकाच या अर्धवट वाक्यांचा अभ्यास करायला हवा. ‘जरा...’मध्ये आशा शोधत पुन्हा पुन्हा विचारणारा माणूस तिला त्रासच देत असतो, आणि ती ते बोलूनही दाखवणार नाही.

गंमत अशी, की इतक्या आडवळणाच्या भाषेत पुढे एक वाक्य थेटच बोलावं लागतं. दोन-तीन भेटी झाल्या तरी दोघं ‘जोडी’ ठरत नाहीत. त्यासाठी ‘कोकुहाकु’, म्हणजे प्रेमाची कबुली, द्यायची रीत आहे. साधारण तिसऱ्या भेटीला ती दिली जाते, असा प्रघात सांगतात: ‘सुकि देसु. त्सुकिआत्ते कुदासाइ.’ मला तू आवडतेस, माझ्याशी नातं जोड. इथे ‘चालत असेल तर’ वगैरे काही लावायचं नाही. होकार असेल तर ती बहुतेक वेळा ‘योरोशिकु ओनेगाइशिमासु’ म्हणते; ऑफिसात पहिल्या दिवशी ओळख करून देताना म्हणतात, तेच वाक्य.