परीक्षक वडोदऱ्यात, मौखिकी कोल्हापुरात

पीएच.डी.चा शोधप्रबंध सादर झाला की तो मार्गदर्शकांशिवाय किमान दोन बहिःस्थ परीक्षकांकडे जातो. दोघांचे अहवाल अनुकूल आले की मौखिकी, म्हणजे व्हायवा, ठरते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमावलीनुसार मौखिकीच्या मंडळात मार्गदर्शक आणि त्या दोन बहिःस्थ परीक्षकांपैकी किमान एक असावा लागतो, आणि ही मौखिकी ऑनलाइनही घेता येते. 2020 साली टाळेबंदीत आयोगाने व्हिडिओवरून मौखिकी घेण्याची मुभा दिली होती, तेव्हा ती अडचणीतली सोय होती. आता ती नियमातच आहे.

तरीही परीक्षकांना 'ऑनलाइन याल का' असे विचारणारा मेल लिहायला बसलेला विद्यार्थी अडखळतो. एकीकडे आपण विनंती करतो आहोत याचे दडपण असते, दुसरीकडे लिंक, वेळ, वीज, इंटरनेट असा सगळा तपशील सांगायचा असतो. त्यातून एक तर दीड पानाचे पत्र तयार होते, नाही तर 'सर, ऑनलाइन जमेल का?' अशी एक ओळ जाते. मेल छोटाच हवा, पण परीक्षकांना उलट काही विचारावे लागू नये इतका भरीव हवा.

मेल लिहिण्याआधी एक गोष्ट पक्की करावी लागते. बहिःस्थ परीक्षकांना औपचारिक निमंत्रण विद्यापीठाकडून जाते, तारीख मार्गदर्शक त्यांच्याशी बोलून ठरवतात, आणि अहवाल येईपर्यंत परीक्षकांची नावे बहुधा विद्यार्थ्याला कळवलीही जात नाहीत. त्यामुळे विद्यार्थ्याने परस्पर परीक्षकांना लिहिणे बरे दिसत नाही, आणि काही ठिकाणी ते चालतही नाही. मार्गदर्शकांनी 'तू मेल टाक, मला प्रत ठेव' असे सांगितल्यावरच लिहायचे, आणि ऑनलाइन मौखिकीला विद्यापीठाची परवानगी आली आहे ना, हे पीएच.डी. विभागात विचारून घ्यायचे. परवानगी नसताना परीक्षकांचा होकार घेतला तर तो परत करण्याची वेळ येते, आणि ते अवघड होऊन बसते.

एक उदाहरण घेऊ. मराठी विषयाची एक संशोधक विद्यार्थिनी कोल्हापुरात आहे. तिच्या प्रबंधाचे एक परीक्षक वडोदऱ्यात शिकवतात. तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात मराठी विभाग आहे, तेव्हा अशी नेमणूक अगदी स्वाभाविक. अंतर सुमारे 800 किलोमीटर. दीड-दोन तासांच्या मौखिकीसाठी येण्याजाण्यात दोन दिवस मोडतात, आणि महिना जुलैचा, म्हणजे पावसाचा. मार्गदर्शकांच्या सांगण्यावरून तिने लिहिलेला मेल असा असू शकतो:

विषय: पीएच.डी. मौखिकी, मंगळवार 14 जुलै, दुपारी 3 – ऑनलाइन उपस्थितीची विनंती

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

माझ्या शोधप्रबंधाची मौखिकी मंगळवार, 14 जुलै 2026 रोजी दुपारी 3 वाजता विभागात घेण्याचे योजले आहे. ऑनलाइन मौखिकीस विद्यापीठाची परवानगी मिळाली आहे. आपण वडोदऱ्याहून व्हिडिओद्वारे उपस्थित राहू शकाल का? साधारण दीड तास लागेल. विद्यापीठाच्या खात्यावरून तयार केलेली लिंक मार्गदर्शक सर 10 जुलैला पाठवतील.

मध्येच संपर्क तुटला, तर विभागातून दहा मिनिटांत मोबाइल इंटरनेटवरून त्याच लिंकवर पुन्हा जोडून घेऊ आणि मी आपल्याला फोन करीन. आपण काही करावे लागणार नाही. अर्ध्या तासात संपर्क झालाच नाही, तर शुक्रवार, 17 जुलै, सकाळी 11 ही वेळ मार्गदर्शक सरांनी राखून ठेवली आहे. तीही आपल्याला सोयीची आहे का?

सादरीकरणाची पीडीएफ सोबत आहे. प्रत्येक पानावर क्रमांक घातले आहेत.

दोन्ही वेळा सोयीच्या असतील तर 'चालेल' एवढे कळवले तरी पुरे.

आपली विश्वासू,
(नाव, विभाग, मोबाइल क्रमांक)
प्रत: मार्गदर्शक

विषयाच्या ओळीतच तारीख, वार आणि वेळ आहे. परीक्षक मोबाइलवर मेल पाहतात तेव्हा आधी तेवढेच दिसते, आणि मौखिकीच्या दिवशी तो मेल शोधायचा झाला तर हीच ओळ सापडते. तारखेबरोबर वार लिहिण्याचे कारण साधे आहे: '14' च्या जागी चुकून '15' टाइप झाले तर वार जुळत नाही आणि चूक लगेच लक्षात येते. परीक्षक परदेशात असतील तर 'भारतीय वेळ' असे लिहून त्यांची स्थानिक वेळही द्यावी. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, त्यामुळे आपल्याकडचे दुपारचे 3 तिकडे जुलैत सकाळचे 10.30 असतात, डिसेंबरात मात्र 9.30.

मेलमध्ये विनंती आहे, पण कारणांची यादी नाही. प्रवास लांबचा आहे, पाऊस आहे, हे परीक्षकांना ठाऊकच असते. 'मला नोकरीवर रुजू व्हायचे आहे, कृपया लवकर घ्यावी' हे खरे असले तरी ते मार्गदर्शकांना सांगायचे, परीक्षकांना नाही. त्यांच्यावर निकालाची घाई लादली जाते आहे असे वाटायला नको.

मेलचा सगळ्यात अवघड भाग म्हणजे पर्यायी योजना, आणि बहुतेक मेल तिथेच फसतात. 'झूम चालले नाही तर गूगल मीट वापरू' असे लिहिलेले नेहमी दिसते. ऐकायला ते ठीक वाटते, पण मुळात झूम कशामुळे बंद पडते? बहुतेक वेळा विभागातले वायफाय जाते किंवा वीज जाते. मग त्याच वायफायवरून गूगल मीट तरी कसे चालेल? पर्याय असा हवा, की ज्या कारणाने पहिली वाट बंद पडली, त्याच कारणाने दुसरी बंद पडू नये. म्हणून वरच्या मेलमध्ये ॲप बदललेले नाही, इंटरनेट बदलले आहे. लिंक तीच राहिल्याने परीक्षकांना नवे काही शोधावे लागत नाही. मोबाइलही वायफायपेक्षा वेगळ्या कंपनीचा असलेला बरा, आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज केलेला हवा. पावसात वीज गेली की राउटर आधी बंद पडतो. चार्ज असलेला लॅपटॉप आणि मोबाइल मिळून तास-दीड तास सहज निभावतात.

ॲप बदलण्याची वेळ एकाच परिस्थितीत येते, आणि ती आधीच टाळता येते. झूमच्या फुकट खात्यावरची बैठक 40 मिनिटांनी बंद होते; गूगल मीटच्या फुकट खात्यावर तीन किंवा जास्त माणसे असतील तर 60 मिनिटांची मर्यादा आहे. सादरीकरणाला अर्धा तास, मग प्रश्नोत्तरे, शिवाय मौखिकी खुली असल्याने विभागातले शिक्षक आणि इतर संशोधक विद्यार्थीही बसलेले असतात. म्हणजे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यावरून काढलेली लिंक नेमकी प्रश्नोत्तरांच्या मध्यावर तुटणार. मेलमध्ये 'विद्यापीठाच्या खात्यावरून' हे शब्द त्यासाठी आहेत. ज्या परीक्षकांना हा अनुभव आलेला आहे, ते वाचूनच निश्चिंत होतात.

संपर्क पूर्ण तुटत नाही, पण चित्र गोठते आणि आवाज तुटक येतो, असेही होते. त्या वेळी सगळ्यांनी कॅमेरे बंद करावेत. आवाजाला चित्राच्या मानाने फारच थोडे इंटरनेट लागते, त्यामुळे कमकुवत जोडणीवरही बोलणे स्पष्ट ऐकू येते. जमल्यास विद्यार्थिनीचा कॅमेरा तेवढा चालू ठेवावा, कारण उत्तर देणारी व्यक्ती परीक्षकांना दिसली पाहिजे.

पीडीएफ आधी पाठवण्याचे महत्त्व अशाच वेळी कळते. स्क्रीन दिसेनाशी झाली तरी 'सर, बारावे पान' म्हणता येते आणि बोलणे पुढे चालू राहते. मराठी प्रबंधांच्या बाबतीत तर पीडीएफच पाठवावी लागते. अजूनही अनेकांचे टंकलेखन कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असते. तो फॉन्ट परीक्षकांच्या संगणकावर नसेल तर पॉवरपॉइंटची फाइल उघडल्यावर देवनागरीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. पीडीएफ करताना फॉन्ट फाइलमध्येच बसवला गेला असेल तर असे होत नाही. ती पाठवण्याआधी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून जोडाक्षरे आणि रफार तपासावेत. जीमेलवर जोडपत्राची मर्यादा 25 एमबी आहे. छायाचित्रे जास्त असतील तर ती लहान करून घ्यावीत.

मेलमधली 'अर्धा तास' ही मर्यादाही विचार करून घातलेली आहे. वेळ ठरलेली नसली की दोन्हीकडची माणसे तासभर 'आता जोडले जाईल' म्हणत ताटकळतात, परीक्षकांचा पुढचा वर्ग बुडतो आणि शेवटी घाईघाईत दोन प्रश्न विचारून मौखिकी उरकली जाते. अशी मौखिकी विद्यार्थिनीच्याही हिताची नाही. पाच वर्षे केलेल्या कामावर नीट प्रश्न विचारले जावेत हा तिचा हक्क आहे. राखीव वेळ मात्र केवळ मेलमध्ये असून भागत नाही. मौखिकीची सूचना विद्यापीठाकडून जाहीर होते, तेव्हा दुसरी तारीखही तिच्यात घालता येईल का, हे मार्गदर्शकांमार्फत विचारून ठेवावे. नाही तर शुक्रवारसाठी नवी सूचना काढावी लागते आणि तीन दिवसांत ती निघेलच असे नाही.

आणखी एक पर्याय नियमातच आहे. मंडळात दोनपैकी एक बहिःस्थ परीक्षक असला तरी चालतो, म्हणजे वडोदऱ्याचे परीक्षक दोन्ही दिवशी जोडले गेले नाहीत तर दुसऱ्यांना विनंती करता येते. पण ते विद्यापीठाने आणि मार्गदर्शकांनी ठरवायचे. विद्यार्थिनीने मेलमध्ये 'अन्यथा दुसऱ्या परीक्षकांना बोलावू' असे लिहिले तर विनंतीचा सूरच बिघडतो.

दोन दिवसांत उत्तर आले नाही तर विद्यार्थिनीने स्वतः दुसरा मेल पाठवण्यापेक्षा मार्गदर्शकांनी फोन करणे योग्य. 'चालेल' आले की आभाराची एक ओळ लिहावी आणि त्याच मेलमध्ये आदल्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, पाच मिनिटांची चाचणी सुचवावी. चाचणी विभागातल्या ज्या खोलीत मौखिकी आहे तिथूनच, आणि मोबाइलच्या इंटरनेटवर घ्यावी. वायफाय रोजच वापरात असते, मोबाइलला त्या खोलीत रेंज मिळते की नाही हे मात्र बघितल्याशिवाय कळत नाही. बंद दगडी इमारतीत ती अनेकदा खिडकीजवळच मिळते, आणि मग टेबल तिकडे सरकवावे लागते.

मौखिकीनंतर मंडळाच्या अहवालावर परीक्षकांची सही लागते. तो कागद गोपनीय असल्याने मार्गदर्शक किंवा पीएच.डी. विभाग थेट परीक्षकांना पाठवतात आणि सही केलेली प्रत त्यांच्याकडेच परत येते. विद्यार्थिनीच्या मेलमध्ये त्याचा उल्लेख नसतो.