खोलीत राहिलेला लॅपटॉप

कर्जत-खालापूरच्या रिसॉर्टवर लॅपटॉप खोलीत राहतो आणि दुसरी किल्ली काउंटरवर. डिस्क एन्क्रिप्ट केली, तरी पासवर्ड विचारणारा छोटा प्रोग्रॅम उघडाच असतो. योआना रुत्कोव्स्का यांनी २००९ मध्ये पेनड्राइव्हने तो एक-दोन मिनिटांत बदलून, मालकाने नंतर टाइप केलेला पासवर्ड टिपून दाखवला. हल्ल्याला नाव दिलं ‘ईव्हिल मेड’. सफाईवाल्या बाईंवर उगाच आळ!

लॅपटॉप कुणी उघडला तर कळावं म्हणून त्याच्या स्क्रूंवर चमकीचं नेलपॉलिश लावून फोटो काढावा. तेच ठिपके पुन्हा जमत नाहीत. पण पेनड्राइव्हला स्क्रू उघडावेच लागत नाहीत. तिथे ‘हेड्स’ हे फर्मवेअर त्या प्रोग्रॅमची डिजिटल सही तपासतं. फर्मवेअरच बदललं, तर टीपीएम चिपमधलं मोजमाप चुकतं आणि पडद्यावर फोनशी जुळणारा सहा अंकी आकडा येत नाही. मग पासवर्ड टाइप करू नये. फर्मवेअर अपडेटनंतरही असंच होतं, म्हणून ते घरीच उरकावं.