अकराची रांग आणि कॉफीचे मशीन

ऑफिसच्या पँट्रीत कॉफीचे मशीन घ्यायचे ठरले की चर्चा चवीपासून सुरू होते. खरे तर ती घड्याळापासून सुरू व्हायला हवी. पुण्यातले साठ माणसांचे एखादे ऑफिस घेऊ. दिवसभरात तिथे साधारण एकशेवीस कप लागतात, त्यातले ऐंशी चहाचे आणि चाळीस कॉफीचे. मात्र हे कप दिवसभर सारखे विखुरलेले नसतात. अकराच्या सुमारास पंधरा-वीस मिनिटांत चाळीसेक माणसे पँट्रीत येतात, आणि कोणते यंत्र टिकेल हे तीच वीस मिनिटे ठरवतात.

बीन-टू-कप मशीन प्रत्येक कपासाठी सात ते दहा ग्रॅम बिया दळते, दाबाखाली गरम पाणी सोडते आणि दूध फेसाळते. या सगळ्याला दूधवाल्या कॉफीसाठी एक मिनिट धरले, तर वीस मिनिटांत वीस कप होतात. चाळीसही माणसे याच मशीनसमोर उभी राहिली, तर शेवटच्याच्या हाती कप पडेपर्यंत पुढची मीटिंग सुरू झालेली असेल. ताजी दळलेली कॉफी इतर दोन्ही पर्यायांपेक्षा सरस लागते, यात वाद नाही. पण सगळ्या ऑफिसची तहान एकाच मशीनवर टाकणे चूक आहे.

गर्दीला पुरा पडतो तो अर्न, म्हणजे तोटी लावलेला स्टीलचा डबा. दहा लिटरच्या अर्नमधून शंभर मिलिलिटरचे शंभर कप भरतात, आणि तोटी उघडायला कुणालाही शिकवावे लागत नाही. त्याचे दुखणे वेगळे आहे. दोन किलोवॅटच्या अर्नला दहा लिटर पाणी उकळीला आणायला जवळजवळ अर्धा तास लागतो, म्हणून तो साडेदहालाच सुरू करावा लागतो. कॉफी त्यात तासभर तापत ठेवली की कडवट होते. दुधाचा चहा तर विजेच्या अर्नमध्ये उकळूच नये, कारण दूध तळाशी लागते आणि करपलेला वास दिवसभर जात नाही. चहा गॅसवर करून दुहेरी भिंतीच्या, वीज नसलेल्या डब्यात ओतावा आणि अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच करावा.

कॅप्सूलचे आकर्षण स्वच्छतेत आहे. दळणे नाही, सांडणे नाही, वापरलेली कॅप्सूल टाकली की झाले. कॅप्सूलमध्ये जेमतेम पाच-सहा ग्रॅम कॉफी असते आणि आपण खरे पैसे मोजतो ते वेष्टनाचे. एक कॅप्सूल 45 रुपयांना पडते असे धरा. रोज 40 कप आणि महिन्याचे 22 दिवस, म्हणजे 880 कॅप्सूल. बिल 39,600 रुपये. तेवढ्याच कपांना प्रत्येकी आठ ग्रॅम बिया, किलोचा भाव हजार रुपये धरून, 7,040 रुपयांच्या लागतात. उरलेल्या साडेबत्तीस हजारांत मशीनचे भाडे आणि देखभाल निघू शकते. जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहराने 2016 साली सरकारी पैशातून कॅप्सूल घेणे थांबवले ते कचऱ्याच्या कारणाने. सहा ग्रॅम कॉफीसाठी तीन ग्रॅम वेष्टन, हा त्यांचा हिशेब होता.

म्हणजे बीन-टू-कपच घ्यावे? घ्यावे, पण ते रोज धुणारे माणूस आधी ठरवून. दुधाची नळी दररोज संध्याकाळी धुतली नाही, तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो आणि फेस नीट होत नाही. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी असेल तर आत क्षार साठतात. धार बारीक होऊ लागली, कॉफी कोमट येऊ लागली की क्षार काढायची वेळ टळून गेली असे समजावे. उलट आरओच्या अगदी क्षारहीन पाण्यानेही काही मशीन अडतात, कारण टाकीतली पातळी ओळखणारा सेन्सर पाण्यातून जाणाऱ्या विजेवर चालतो. आणि काळ्याकुट्ट, तेलकट भाजलेल्या बिया चक्कीत चिकटतात. चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीची पावडर तर बियांच्या हॉपरमध्ये कधीच टाकू नये. हे सगळे करणाऱ्या मावशी किंवा पँट्री बॉय पंधरा दिवसांच्या सुट्टीवर गेल्यावर काय, हा प्रश्न कोटेशनमध्ये कुठेच नसतो.

आपल्या साठ माणसांच्या ऑफिसला जोडीच परवडेल. चहासाठी डबा, कॉफीसाठी एकच बीन-टू-कप. चहावाले डब्याकडे वळले की मशीनसमोर बारा-पंधरा माणसे उरतात आणि अकराची रांग वीस मिनिटांत आटोपते. कॅप्सूलचे छोटे मशीन हवेच असेल तर ते पाहुण्यांच्या मीटिंग रूममध्ये, जिथे दिवसाला चार-पाच कपच लागतात.

भाड्याच्या करारावर सही करण्याआधी विक्रेत्याला डेमोसाठी दुपारी तीनला नव्हे, सकाळी अकराला बोलवा, आणि करारात महिन्याला किमान किती कॉफी विकत घेण्याची अट आहे ते वाचून घ्या.